मधुमेह आणि ताठरता: साखर आटोक्यात आल्याने काय सुधारते, काय नाही

शिश्नाला पुरेशी ताठरता न येणे, किंवा आलेली ताठरता संभोग पूर्ण होईपर्यंत न टिकणे, ही मधुमेही पुरुषांमध्ये सर्रास आढळणारी तक्रार आहे. जगभरातल्या अनेक पाहण्यांचे आकडे एकत्र करून २०१७ साली एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात निम्म्याहून थोड्या अधिक मधुमेही पुरुषांना ही अडचण असल्याचे दिसले. टाइप २ मधुमेहात हे प्रमाण टाइप १ पेक्षा बरेच जास्त होते. मधुमेहात ही तक्रार इतरांपेक्षा साधारण दहा-पंधरा वर्षे लवकर सुरू होते, आणि पुष्कळ जण ती डॉक्टरांना सांगतही नाहीत. वय झाले, ताण आहे, असे म्हणून ती बाजूला सारली जाते. बहुतेकांच्या बाबतीत मात्र मूळ शरीरात असते. ताठरतेसाठी लागणारे मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या यांना साखरेने इजा झालेली असते, आणि त्यामागोमाग मनावर ताण येतो.

ताठरता येते कशी

शिश्नामध्ये लांबीच्या दिशेने दोन नळकांड्या असतात. त्यांच्या आतला भाग स्पंजासारखा, बारीक पोकळ्यांनी भरलेला असतो. या पोकळ्यांच्या भिंतींत आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या लहान धमन्यांच्या भिंतींत अनैच्छिक स्नायू असतात. एरवी हे स्नायू आवळलेले असतात, त्यामुळे पोकळ्यांत रक्त बेताचेच शिरते. म्हणजे ताठरता येण्यासाठी स्नायूंनी आकुंचन पावायचे नसते, उलट सैल पडायचे असते.

त्यांना सैल पडण्याचा निरोप मज्जातंतूंकडून मिळतो. कामोत्तेजनेचा संदेश मेंदूतून मज्जारज्जूमार्गे कंबरेच्या खालच्या भागात येतो. तिथून स्वायत्त मज्जासंस्थेचे बारीक तंतू प्रोस्टेट ग्रंथीच्या बाजूने शिश्नापर्यंत जातात. या तंतूंच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अत्यल्प प्रमाणात सुटतो. तो स्नायूपेशीत शिरला की तिथे सायक्लिक जीएमपी हे रसायन तयार होते. त्यामुळे पेशीतले कॅल्शियम घटते आणि स्नायू सैल पडतो. धमन्या रुंदावतात आणि पोकळ्यांत रक्त वेगाने शिरू लागते.

पुढचे काम रक्तवाहिन्यांचे अस्तर करते. रक्तवाहिन्यांना आतून पेशींचा एकच पातळ थर असतो. वाढलेल्या प्रवाहाचे घर्षण जाणवताच या पेशीही नायट्रिक ऑक्साइड तयार करू लागतात. मज्जातंतूंचा वायू ताठरता सुरू करतो आणि अस्तराचा वायू ती टिकवतो. पोकळ्या फुगल्या की बाहेरच्या कडक आवरणाखालून जाणाऱ्या बारीक शिरा दाबल्या जातात. त्यामुळे आत आलेले रक्त बाहेर पडत नाही आणि ताठरता कायम राहते. काम संपले की पीडीई-५ नावाचे विकर सायक्लिक जीएमपीचे विघटन करते आणि स्नायू पुन्हा आवळले जातात.

नायट्रिक ऑक्साइड हा रक्ताभिसरणातला निरोप्या आहे हे दाखवून देणाऱ्या रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना १९९८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी सिल्डेनाफिल ही गोळी अमेरिकेत बाजारात आली. मधुमेहातली ताठरतेची अडचण समजून घेताना या एकाच वायूवर लक्ष ठेवले तर बराचसा उलगडा होतो. साखर त्याची निर्मिती कमी करते, तयार झालेला नष्ट करते आणि तो जिथे पोहोचायचा तो स्नायूही खराब करते.

साखर मज्जातंतूंना कशी इजा करते

शरीरातल्या बहुतेक स्नायूंना आणि चरबीला साखर आत घेण्यासाठी इन्सुलिन लागते. मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर यांना ते तसे लागत नाही. रक्तात साखर वाढली की ती या पेशींतही वाढते, आणि पेशींना ती अडवता येत नाही. जास्तीच्या ग्लुकोजचे पेशीत सॉर्बिटॉल होते. या प्रक्रियेत एनएडीपीएच नावाचे सहायक रसायन खर्ची पडते. नेमके हेच रसायन नायट्रिक ऑक्साइड बनवण्यासाठीही लागते, आणि पेशीला घातक ऑक्सिजन-कणांपासून वाचवण्यासाठीही. ते साखर हाताळण्यातच संपू लागले की वायू कमी तयार होतो आणि पेशीचे संरक्षणही कमकुवत होते.

मज्जातंतूंना रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्या जाड होतात, तेव्हा तंतूंची उपासमारही सुरू होते. सर्वांत आधी मार बसतो तो लांब आणि बारीक तंतूंना. म्हणूनच मधुमेहात पायाच्या बोटांना मुंग्या येणे, तळवे जळणे ही लक्षणे लवकर दिसतात. शिश्नाकडे जाणारे स्वायत्त तंतूही बारीक असतात, त्यामुळे तेही याच तडाख्यात सापडतात. शिश्नाच्या त्वचेची संवेदना नेणारे तंतू क्षीण झाले तर स्पर्शाने येणारी उत्तेजनाही मंदावते. काही पुरुषांमध्ये मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू वेळेवर बंद होत नाही, आणि वीर्य बाहेर येण्याऐवजी उलट मूत्राशयात जाते. अशा वेळी संभोगानंतरची लघवी गढूळ दिसते.

रक्तवाहिन्यांचे नुकसान

अस्तराच्या पेशींत साखर वाढली की घातक ऑक्सिजन-कण वाढतात. हे कण नायट्रिक ऑक्साइडशी संयोग पावतात आणि तो स्नायूपर्यंत पोहोचण्याआधीच निकामी होतो. शिवाय साखर शरीरातल्या प्रथिनांना कायमची चिकटते आणि त्यातून जी संयुगे बनतात तीही हा वायू शोषून घेतात. हीच संयुगे कोलॅजनच्या तंतूंना एकमेकांशी जखडून टाकतात. त्यामुळे पोकळ्यांच्या भिंती ताठ होतात आणि त्या नीट फुगत नाहीत. कालांतराने अनैच्छिक स्नायू कमी होऊन त्यांच्या जागी तंतुमय ऊती वाढते. मग शिरा पुरेशा दाबल्या जात नाहीत आणि आत आलेले रक्त गळून जाते. अशा पुरुषाला ताठरता येते, पण काही क्षणांतच ओसरते.

मज्जातंतू आणि अस्तर हे दोन्ही मार्ग बिघडतात याचा प्रत्यक्ष पुरावा १९८९ साली अमेरिकेतल्या बॉस्टनच्या संशोधकांनी मांडला. शिश्नात कृत्रिम रोपण बसवण्याची शस्त्रक्रिया करताना पुरुषांच्या ऊतीचे छोटे तुकडे घेऊन ते प्रयोगशाळेत तपासले गेले. मधुमेही पुरुषांच्या ऊतीत मज्जातंतूंना विजेने चेतवले तरी स्नायू पुरेसे सैल पडले नाहीत. अस्तराला चेतवणारे रसायन दिले तेव्हाही तेच झाले. स्नायूंना थेट सैल करणारे औषध दिल्यावर मात्र ते सैल पडले. म्हणजे स्नायू अजून प्रतिसाद द्यायला तयार होता, त्याच्यापर्यंत निरोप पोहोचत नव्हता.

मोठ्या धमन्यांचेही नुकसान होते. शिश्नाच्या धमनीचा व्यास साधारण १ ते २ मिलिमीटर असतो, तर हृदयाच्या धमन्यांचा ३ ते ४ मिलिमीटर. भिंतीवर तेवढाच चरबीचा थर साचला तरी लहान धमनी आधी अपुरी पडते. त्यामुळे पुष्कळ पुरुषांत ताठरतेची तक्रार हृदयविकाराच्या लक्षणांच्या दोन ते पाच वर्षे आधी सुरू होते. मधुमेही पुरुषाने ही तक्रार सांगितली की रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू आणि चालताना छातीत दुखते का, हे विचारणे म्हणूनच आवश्यक असते.

नुकसान कुठे आहे ते कसे कळते

सुरुवात कशी झाली हे सर्वांत उपयुक्त माहिती देते. शारीरिक कारण असेल तर तक्रार महिनोन्‌महिने हळूहळू वाढते, पहाटेची ताठरताही कमी होते आणि सर्व प्रसंगी सारखाच अनुभव येतो. तक्रार अचानक सुरू झाली, पहाटे ताठरता नीट येते, आणि अडचण फक्त काही प्रसंगीच होते, तर मनाचा भाग मोठा असण्याची शक्यता जास्त. मधुमेहात अनेकदा दोन्ही एकत्र असतात. एक-दोनदा अपयश आले की पुढच्या वेळी धास्ती वाटते, आणि धास्तीने स्रवणारे ॲड्रेनालिन त्याच स्नायूंना आवळते.

मज्जातंतूंची तपासणी साधी असते. दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून तो जाणवतो का ते पाहतात. झोपलेल्या अवस्थेतला आणि उभे राहिल्यानंतरचा रक्तदाब मोजतात. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, तर स्वायत्त तंतूंना इजा झाल्याचा संशय बळावतो. विश्रांतीतही नाडी सतत जलद असणे हीही तशीच खूण आहे. रक्तातला टेस्टोस्टेरॉन सकाळी आणि उपाशीपोटी तपासावा लागतो, कारण तो सकाळी सर्वाधिक असतो आणि खाल्ल्यावर उतरतो. टाइप २ मधुमेहात, विशेषतः पोट सुटलेल्या पुरुषांमध्ये, तो कमी असणे पुष्कळदा आढळते. रक्तदाबाची काही औषधेही ताठरतेवर परिणाम करतात. ती स्वतःहून बंद करणे धोक्याचे असते, पण डॉक्टर पर्यायी औषध देऊ शकतात.

साखर आटोक्यात ठेवल्याने काय बदलते

या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर टाइप १ मधुमेहावरच्या एका दीर्घ अभ्यासातून मिळते. १९८३ ते १९९३ या काळात अमेरिका आणि कॅनडात डीसीसीटी नावाची चाचणी झाली. त्यात १,४४१ रुग्ण होते. निम्म्यांना तेव्हाच्या नेहमीच्या पद्धतीने इन्सुलिन दिले गेले, तर निम्म्यांना दिवसातून अनेकदा इन्सुलिन किंवा पंप आणि वारंवार साखर तपासणी असे काटेकोर उपचार मिळाले. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा निर्देशक असलेला एचबीए१सी काटेकोर गटात सुमारे ७ टक्के, तर दुसऱ्या गटात सुमारे ९ टक्के राहिला. चाचणी संपल्यावर दोन्ही गटांना काटेकोर उपचारांचा सल्ला मिळाला आणि पुढे दोघांचीही साखर जवळपास सारखी, सुमारे ८ टक्क्यांच्या आसपास आली.

चाचणी संपल्यानंतर साधारण दहा वर्षांनी यातल्या पुरुषांना ताठरतेबद्दल विचारण्यात आले. चाचणीत दोन तुकड्या होत्या. पहिल्या तुकडीत मधुमेह पाच वर्षांपर्यंतचा आणि डोळ्यांच्या पडद्यावर कोणतीही इजा नसलेले रुग्ण होते. दुसऱ्या तुकडीत मधुमेह अधिक काळचा, पंधरा वर्षांपर्यंतचा असू शकत होता आणि पडद्यावर सुरुवातीची इजा दिसत होती. दुसऱ्या तुकडीत, ज्यांची साखर पूर्वी काटेकोरपणे सांभाळली गेली होती त्यांच्यापैकी सुमारे १३ टक्के पुरुषांना ताठरतेची तक्रार होती. नेहमीच्या उपचारांच्या गटात ती सुमारे ३१ टक्क्यांना होती. पहिल्या तुकडीत मात्र दोन्ही गटांतला फरक किरकोळ होता, १७ आणि २० टक्के.

या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे, पुढची अनेक वर्षे साखर सारखी असूनही आधीच्या काही वर्षांच्या चांगल्या साखरेचा फायदा टिकून राहिला. याचे एक कारण कोलॅजनला चिकटलेल्या साखरेत आहे. कोलॅजन शरीरात वर्षानुवर्षे टिकते आणि त्यावरच्या इजाही टिकतात. दुसरे म्हणजे, इजा नुकती सुरू झालेली असताना नियंत्रणाचा फायदा सर्वांत ठळक दिसला. अभ्यासात पुढे ताठरता परत आली की नाही हे तपासलेले नाही, ती टिकली का हे पाहिले आहे. साखर नियंत्रणाचा मुख्य उपयोग जे आहे ते राखण्यात आहे, गेलेले परत आणण्यात मर्यादित आहे.

टाइप २ मधुमेहात साखर ही अनेक कारणांपैकी एक असते. वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांचाही वाटा मोठा असतो, म्हणून केवळ साखर उतरवून तेवढा फरक पडेलच असे नाही. अमेरिकेतल्या लुक अहेड या अभ्यासात जास्त वजनाच्या टाइप २ रुग्णांना आहार आणि व्यायामाचा सखोल कार्यक्रम दिला गेला. एका वर्षात त्यांच्यापैकी सुमारे ८ टक्के पुरुषांची ताठरता खालावली. फक्त माहिती दिलेल्या गटात सुमारे २० टक्क्यांची खालावली. सुधारणा झालेल्यांचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. इथेही नियंत्रणाने घसरण रोखली असेच दिसते.

तरीही काही गोष्टी साखर उतरल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतात. वाढलेल्या साखरेने येणारा थकवा कमी होतो. शिश्नाच्या अग्रत्वचेखाली होणारा बुरशीचा संसर्ग आणि त्वचेला पडणाऱ्या चिरा बऱ्या होतात. लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या, नाव ‘फ्लोझिन’ने संपणाऱ्या गोळ्यांमुळे मात्र हा संसर्ग वाढू शकतो, म्हणून त्या सुरू असताना रोजची स्वच्छता महत्त्वाची असते. वजन घटल्यास टेस्टोस्टेरॉन वाढू शकतो. अस्तराच्या पेशींचे कामही काही प्रमाणात सावरते. मेलेले मज्जातंतू, तंतुमय झालेला स्नायू आणि कॅल्शियम साचून कडक झालेली धमनी मात्र साखर कितीही नीट ठेवली तरी पूर्ववत होत नाहीत.

दोन उदाहरणांची तुलना

हा फरक दोन कल्पित रुग्णांवरून स्पष्ट होतो. एक पुरुष ४३ वर्षांचा आहे. मधुमेह दोन वर्षांपूर्वी कळला, एचबीए१सी ८.६, पोट सुटलेले, सिगारेटची सवय. पहाटेची ताठरता येते, पण पूर्वीसारखी नाही. पायांची संवेदना ठीक आहे आणि उभे राहिल्यावर रक्तदाब उतरत नाही. इथे मज्जातंतू बऱ्यापैकी शाबूत आहेत आणि बिघाड बहुधा अस्तराचा आहे. साखर, वजन आणि तंबाखू या तिन्हींवर एकत्र काम केले तर प्रत्यक्ष सुधारणा दिसण्याची शक्यता आहे, आणि गोळीचाही चांगला उपयोग होईल.

दुसरा पुरुष ५६ वर्षांचा आहे, मधुमेह चौदा वर्षांचा, एचबीए१सी १०.२. पायाच्या बोटांना नायलॉनचा धागा जाणवत नाही. उभे राहिल्यावर रक्तदाब १३४ वरून १०८ वर येतो. वर्षभरात पहाटेची ताठरता आलेली नाही. इथे निरोप नेणारे तंतूच बरेचसे गेले आहेत. साखर सुधारणे तरीही गरजेचे आहे, कारण डोळे, मूत्रपिंडे आणि उरलेले तंतू वाचवायचे आहेत. पण त्याने ताठरता परतेल अशी आशा देणे योग्य नाही, त्यासाठी वेगळे उपचार लागतील.

या दुसऱ्या रुग्णाची साखर घाईने उतरवूही नये. अनेक वर्षे वाढलेला एचबीए१सी तीन महिन्यांत २ किंवा त्याहून अधिक अंकांनी खाली आणला, तर काही जणांना पायांत अचानक तीव्र वेदना सुरू होतात, उभे राहिल्यावर भोवळ येते आणि ताठरता आणखी बिघडते. डोळ्यांच्या पडद्याची आधीची इजाही अशा वेळी तात्पुरती वाढू शकते. १०.२ वरून आधी साडेआठच्या आसपास आणि मग पुढच्या काही महिन्यांत त्याहून खाली, असा उतार डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरवलेला बरा. बहुतेक प्रौढांसाठी लक्ष्य ७ च्या खाली असते. उतारवयात, किंवा साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याची प्रवृत्ती असेल तर, ते सैल ठेवतात.

साखरेने जमत नाही तिथे

सिल्डेनाफिल, टाडालाफिल यांसारख्या गोळ्या पीडीई-५ ला अडवतात, म्हणजे तयार झालेले सायक्लिक जीएमपी जास्त वेळ टिकवतात. ते तयार होण्यासाठी मात्र नायट्रिक ऑक्साइड लागतोच. म्हणून मज्जातंतू गेलेल्या रुग्णात गोळी कमी काम करते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या, २६८ मधुमेही पुरुषांवरच्या चाचणीत बारा आठवड्यांनी सिल्डेनाफिल घेणाऱ्यांपैकी ५६ टक्क्यांनी सुधारणा नोंदवली. बनावट गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्के होते. गोळी ‘लागू पडत नाही’ असे म्हणण्याआधी ती कशी घेतली हे पाहावे लागते. सिल्डेनाफिल संभोगाच्या साधारण तासभर आधी घ्यायची असते, तेलकट जेवणानंतर तिचा परिणाम उशिरा होतो, आणि उत्तेजना नसेल तर ती काहीच करत नाही. योग्य मात्रेत सहा-आठ वेळा वापरून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढत नाहीत.

छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेट किंवा अन्य नायट्रेट औषधे घेणाऱ्यांनी या गोळ्या मुळीच घेऊ नयेत. दोन्ही औषधे एकाच मार्गावर काम करतात आणि एकत्र घेतल्यास रक्तदाब जिवावर बेतण्याइतका कोसळू शकतो. ‘आयुर्वेदिक’ किंवा ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही शक्तिवर्धक चूर्णांत आणि कॅप्सुलांत सिल्डेनाफिल मिसळल्याचे औषध नियंत्रकांना अनेकदा आढळले आहे. वेष्टणावर त्याचा उल्लेख नसल्याने नायट्रेट घेणाऱ्याला धोका कळतही नाही.

गोळ्यांनी काम भागले नाही तर पोकळ्यांत थेट औषध टोचण्याची पद्धत आहे. ही औषधे मज्जातंतूंच्या निरोपाची वाट न पाहता स्नायूलाच सैल करतात, म्हणून दुसऱ्या रुग्णासारख्या प्रसंगी ती उपयोगी पडतात. ताठरता चार तासांहून जास्त टिकली तर तातडीने रुग्णालयात जावे लागते, नाहीतर ऊतीचे कायमचे नुकसान होते. निर्वात पंप रक्त ओढून आणतो आणि बुडाशी बसवलेली कडी ते रोखून धरते. ती अर्ध्या तासाहून जास्त ठेवायची नसते, आणि संवेदना कमी झालेल्या मधुमेही रुग्णाने तर घड्याळ लावूनच वापरावी. हे सर्व उपाय थकले की शस्त्रक्रियेने रोपण बसवता येते. त्या शस्त्रक्रियेतही संसर्गाचा धोका कमी राहावा म्हणून आधी साखर आटोक्यात आणली जाते.